गोळी सुरू झाल्यानंतरचे पहिले चार आठवडे

नैराश्यासाठी किशोरवयीन मुलांना बहुतेक वेळा पहिल्यांदा फ्लुओक्सेटिन दिलं जातं. त्याने मन हलकं व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शरीर मात्र इतकं थांबत नाही. झोप, भूक, पोट आणि अंगातली चुळबुळ पहिल्या काही दिवसांतच बदलू शकते. या मधल्या काळातच घरच्यांचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो.

अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण घेऊ. दहावीतली पंधरा वर्षांची मुलगी, दोन महिने खोलीतून बाहेर न पडणारी. डॉक्टरांनी सकाळी 10 मिलिग्रॅमने सुरुवात केली. सहाव्या दिवशी ती घरभर फिरू लागली. जेवताना मध्येच उठायची, धाकट्या भावावर खेकसायची, रात्री दोनपर्यंत जागी असायची. आजी म्हणाली, "बघ, लागू पडली गोळी." आईलाही तसंच वाटलं, कारण लेक निदान हलती-बोलती झाली होती.

आईने आठवड्याच्या भेटीपर्यंत न थांबता फोन केला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं. त्यांनी मुलीला एकटीला विचारलं, "एका जागी बसलीस की आतून काय होतं?" ती म्हणाली, "पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. अंगातून बाहेर पडावंसं वाटतं." आणि मन? ते होतं तसंच उदास. हालचाल वाढली, मन मात्र जिथल्या तिथे, हा मेळ न बसणं हीच खरी खूण. सुधारणा असती तर झोप लागली असती, चिडचिड कमी झाली असती. औषधाने येणारी ही बेचैनी बहुधा सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर येते. डोस कमी केला की ती सहसा ओसरते.

डॉक्टरांनी डोस निम्मा केला आणि तीन दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं. घरच्यांना वाटलं, उद्या फरक पडेल. पण फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे बेचैनी निवळायलाही काही दिवस जातात. या काळात "बंदच करून टाकू" म्हणून स्वतःहून गोळी सोडायची नसते. डोस वाढवताना किंवा कमी करताना, दोन्ही वेळी लक्ष ठेवावंच लागतं.

यापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे उन्माद. त्यात मूल तीन-चार तास झोपूनही थकत नाही, भरभर बोलतं, स्वतःबद्दल अचाट गोष्टी सांगतं, आणि डोस कमी केला तरी ते सहजी थांबत नाही. घरात कुणाला बायपोलर आजार असेल तर ते औषध सुरू होण्याआधीच सांगायला हवं. आपल्याकडे ही माहिती नेमकी लपवली जाते.

आता आत्महत्येच्या विचारांबद्दल. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2004 मध्ये मुलांवरच्या 24 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत सुमारे 4,400 मुलं होती. नवे आत्मघाती विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्यांत शंभरात चौघांना आढळलं, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत दोघांना. आत्महत्येने मृत्यू एकाचाही झाला नाही. या आकड्यांवरून औषध नाकारावं असं मला वाटत नाही, कारण नैराश्य तसंच राहू देण्यातही धोका असतोच. पण सुरुवातीच्या आठवड्यांत नजर ठेवायला हवी, एवढं त्यातून नक्की निघतं.

म्हणून पहिले चार आठवडे दर आठवड्याला भेट ठेवावी, आणि प्रत्येक भेटीत काही वेळ मुलाशी एकट्याने बोलावं. "मरावंसं वाटतं का?" हा प्रश्न आई-बाबांनीही थेट विचारावा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. "उलटसुलट काही डोक्यात येतं का?" असं गोल गोल विचारलं की उत्तरही गोलच मिळतं. गोळ्यांची पाकिटं मोठ्यांच्या ताब्यात ठेवावीत आणि रोजची गोळी हातात द्यावी.

डॉक्टरांकडून बरेचदा राहून जाणारी एक नोंद आहे: पहिली गोळी देण्याआधी झोप किती, चुळबुळ किती, मरणाचे विचार आहेत का. ही नोंद नसेल तर दोन आठवड्यांनी दिसणारी चिडचिड आजाराची की औषधाची, हे सांगता येत नाही. आईने वहीत रोज झोपेची वेळ आणि एक ओळ लिहिली तरी पुरतं.

मुलाने स्वतःला इजा केली, जिवाचं बरंवाईट करण्याचा बेत बोलून दाखवला, किंवा बेचैनी त्याला असह्य झाली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. त्याला एकटं न सोडता लगेच डॉक्टरांना किंवा जवळच्या रुग्णालयाला गाठावं. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते.

उदाहरणातल्या मुलीची बेचैनी आठवड्याभरात निवळली आणि डोस पुन्हा 10 वर नेला. पाचव्या आठवड्यात तो 20 करायचं ठरलं, तेव्हा आईने वहीचं नवं पान उघडलं आणि भेटी पुन्हा आठवड्याला सुरू झाल्या.