माल परत गेला की नोट कोणी काढायची: जीएसटीतील क्रेडिट नोट आणि डेबिट नोट

क्रेडिट नोटेने पुरवठादाराचा कर कमी होतो आणि डेबिट नोटेने तो वाढतो, एवढे हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. माल परत आला, माल निकृष्ट निघाला किंवा बिलात भाव जास्त लागला तर क्रेडिट नोट आणि भाव किंवा कर कमी लागला असेल तर डेबिट नोट, यातही कोणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो नोट कोणी काढायची या एकाच प्रश्नावर, आणि गेली कित्येक वर्षे मी खरेदीदारांच्या विवरणपत्रांत तीच चूक दुरुस्त करत आलो आहे.

चुकीचे मूळ जुन्या हिशेबी सवयीत आहे. माल परत करताना खरेदीदार आपल्या वहीत पुरवठादाराचे खाते नावे टाकतो, म्हणून त्या नोंदीला तो डेबिट नोट म्हणतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही पर्चेस रिटर्नच्या व्हाउचरला हेच नाव असते. वहीपुरते ते अगदी बरोबर आहे. पण केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये ‘डेबिट नोट’ हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. तेथे क्रेडिट नोट असो वा डेबिट नोट, ती काढणारा एकच आहे, आणि तो म्हणजे मूळ पुरवठा करणारा नोंदणीकृत व्यापारी. खरेदीदाराने परत केलेल्या मालासाठी काढलेला कागद हा या कलमाखालचा दस्तऐवज नाही. तो पुरवठादाराला पाठवलेला मागणीचा कागद आहे, त्याने कोणाचाही कर बदलत नाही आणि तो विक्रीच्या विवरणपत्रात, म्हणजे GSTR-1 मध्ये, जाता कामा नये.

एक उदाहरण पूर्ण पाहू. पुरवठादाराने १२ जानेवारी २०२६ रोजी ४० पंखे प्रत्येकी २,५०० रुपयांनी विकले. करपात्र मूल्य १,००,००० रुपये आणि १८ टक्के दराने कर १८,००० रुपये झाला. खरेदीदाराने कर भरण्याच्या मासिक विवरणपत्रात, म्हणजे जानेवारीच्या GSTR-3B मध्ये, तेवढे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेतले. फेब्रुवारीत १० पंख्यांच्या मोटारी आवाज करतात म्हणून त्याने ते डिलिव्हरी चलनावर परत पाठवले. परत गेलेल्या मालाचे मूल्य २५,००० रुपये आणि त्यावरील कर ४,५०० रुपये.

योग्य मार्ग असा की पुरवठादार माल तपासून फेब्रुवारीतच २५,००० अधिक ४,५०० रुपयांची क्रेडिट नोट काढतो, तिच्यावर मूळ इन्व्हॉइसचा क्रमांक आणि तारीख लिहितो आणि ती GSTR-1 च्या 9B तक्त्यात दाखवतो. त्याचे त्या महिन्याचे देणे ४,५०० रुपयांनी घटते. तीच नोट पोर्टलवर खरेदीदाराचे क्रेडिट दाखवणाऱ्या GSTR-2B मध्ये उमटते आणि त्याचे क्रेडिट ४,५०० रुपयांनी कमी होते. सरकारकडे जाणारा एकूण कर ३० पंख्यांचा, म्हणजे १३,५०० रुपये राहतो. खरेदीदाराने आपल्या वहीत पर्चेस रिटर्नचे व्हाउचर जरूर करावे, पण त्यात पुरवठादाराच्या क्रेडिट नोटेचा क्रमांक लिहावा, म्हणजे महिनाअखेरीस 2B शी मेळ घालताना शोधाशोध होत नाही.

आता चुकीचा मार्ग. खरेदीदाराचा कारकून ते व्हाउचर डेबिट नोट म्हणून GSTR-1 मध्ये चढवतो. पोर्टलच्या दृष्टीने याचा अर्थ असा की खरेदीदारानेच पुरवठादाराला काही विकले असून त्यावर आणखी ४,५०० रुपये कर लावला आहे. खरेदीदाराचे देणे तेवढे वाढते, आणि पुरवठादाराच्या 2B मध्ये ४,५०० रुपयांचे असे क्रेडिट दिसू लागते ज्याच्यामागे कोणताही पुरवठा नाही. इकडे पुरवठादार नियमाप्रमाणे आपली क्रेडिट नोट काढतोच, त्यामुळे खरेदीदाराचे क्रेडिटही घटते. एकाच १० पंख्यांसाठी खरेदीदाराला ९,००० रुपयांचा फटका बसतो, आणि पुरवठादाराने ते दिसणारे क्रेडिट घेतले तर पुढे चौकशीत त्याचे उत्तर त्याला द्यावे लागते.

ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्यांना आपण काहीच विकत नाही अशा पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आपल्याच GSTR-1 च्या 9B तक्त्यात दिसला, तर तेथे पर्चेस रिटर्न चुकून शिरलेला आहे असे समजावे. त्या महिन्याचे 3B अजून भरले नसेल तर GSTR-1A मधून दुरुस्ती करता येते. भरले असेल तर पुढील महिन्याच्या 9C तक्त्यात ती नोट दुरुस्त करावी लागते.

पुरवठादार क्रेडिट नोट काढायला तयार नसेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर खरेदीदाराकडे काहीच उपाय नाही असे नाही. परिपत्रक क्रमांक ७२/४६/२०१८ मुदत उलटलेल्या औषधांच्या निमित्ताने निघाले असले तरी इतर कारणांनी परत जाणाऱ्या मालालाही ते लागू आहे, आणि त्यानुसार नोंदणीकृत खरेदीदार परतीचा माल नवा पुरवठा समजून टॅक्स इन्व्हॉइसने पाठवू शकतो. म्हणजे खरेदीदाराला स्वतः कर लावणारा कागद काढायचाच असेल तर तो टॅक्स इन्व्हॉइस असतो, डेबिट नोट नव्हे. माझे मत विचाराल तर मुदत शिल्लक असताना क्रेडिट नोटच घ्यावी, कारण तिच्यात मूळ व्यवहाराचा धागा कागदावर टिकतो.

भावबदलात कागदाचे नाव दिशेने ठरते, पण तो काढणारा बदलत नाही. वरच्याच पंख्यांचा भाव नंतर २,६०० ठरला तर पुरवठादार फरकाची डेबिट नोट काढतो. २,४०० ठरला तर तोच क्रेडिट नोट काढतो. दोन्ही वेळा कराचा दर मूळ पुरवठ्याचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अनेक वस्तूंचे दर बदलले. त्याआधी १२ टक्क्यांनी विकलेला माल नंतर परत आला तर क्रेडिट नोटही १२ टक्क्यांचीच निघते.

मुदतीत मात्र दोन्ही नोटांमध्ये खरा फरक आहे. क्रेडिट नोट ज्या आर्थिक वर्षात पुरवठा झाला त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर त्या तारखेपर्यंत, विवरणपत्रात दाखवावी लागते. आपल्या पंख्यांसाठी ती तारीख ३० नोव्हेंबर २०२६ आहे. येथे बारकाईने पाहावे: नोव्हेंबरची तारीख असलेली नोट डिसेंबरमध्ये भरल्या जाणाऱ्या विवरणपत्रात जाते, म्हणून दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याने नोट ऑक्टोबरअखेरच काढावी. मुदतीनंतर रकमेची सूट देता येते, पण तिच्यातील कर परत मिळत नाही. डेबिट नोटेला अशी कमाल मुदत नाही, आणि १ जानेवारी २०२१ पासून तिच्यावरील क्रेडिटची मुदत मूळ इन्व्हॉइसच्या नव्हे तर डेबिट नोटेच्या आर्थिक वर्षावरून मोजली जाते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून आणखी एक अट स्पष्ट झाली आहे: नोंदणीकृत खरेदीदाराने घेतलेले क्रेडिट उलटवले नसेल तर पुरवठादाराला क्रेडिट नोटेने आपला कर कमी करता येत नाही. पोर्टलवर आलेली बिले आणि नोटा स्वीकारण्या-नाकारण्याच्या IMS या सोयीत खरेदीदाराने क्रेडिट नोट नाकारली तर ती रक्कम पुरवठादाराच्या पुढील 3B मध्ये परत चढते. म्हणून माल परत आल्यावर पुरवठादाराने नोटेचा क्रमांक खरेदीदाराला त्याच दिवशी कळवावा आणि महिना संपण्यापूर्वी ती स्वीकारली गेल्याची खात्री करून घ्यावी.