लोहाची गोळी लागू का पडेना

इंदूरला, आमच्या लोकमान्य नगरात, मागच्याच गल्लीत राहणारी बारा वर्षांची मुलगी. हिमोग्लोबिन ७.८. चार महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, त्याही लिंबाच्या सरबताबरोबर, वेळच्या वेळी. आणि पुन्हा तपासलं तर ८.१. तिची आई रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली ती जरा चिडूनच. "काकू, सगळ्यांना वाटतं ही गोळ्या फेकून देते. मी स्वतः समोर बसून देते हो!" पोटदुखी नाही, जुलाब नाहीत. शाळेच्या प्रार्थनेत मात्र उंचीप्रमाणे उभं करतात, तिथे दोन वर्षांत ती मधून सरकत सरकत पहिली आली होती.

मी पॅथॉलॉजिस्ट. औषधं देत नाही, काचपट्ट्या बघते. पण गोळी पोटात जाते आणि लोह रक्तात पोचत नाही, म्हणजे घोळ मधल्या वाटेत आहे, इतकं कळायला काचपट्टी लागत नाही. लोह शरीरात शिरतं ते मुख्यतः ड्युओडेनममधून, म्हणजे जठर संपल्यावर लागणाऱ्या लहान आतड्याच्या पहिल्या सव्वा वीतभर तुकड्यातून. तेवढीच जागा बिघडली तरी बाकीचं पचन बरंचसं निभावून जातं. जुलाब होत नाहीत, पण लोह मात्र तसंच पुढे वाहून जातं. म्हणून सीलिअ‍ॅक नावाच्या, गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या आजाराची पहिली खूण पुष्कळदा पोटात दिसतच नाही, ती रक्तात दिसते. मी त्यांना त्यांच्या बालरोगतज्ज्ञांकडे परत पाठवलं, आणि टीटीजी-आयजीए ही रक्तातल्या अँटीबॉडींची तपासणी करायची का, एवढं विचारायला सांगितलं. सोबत आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या अँटीबॉडी, एकूण किती आहेत तेही बघायचं, कारण काही जणांचं शरीर आयजीए बनवतच नाही. अशा माणसात टीटीजी-आयजीए 'नॉर्मल' आलं तर त्याला अर्थ नसतो.

रिपोर्ट आला: टीटीजी-आयजीए वरच्या मर्यादेच्या सहापट.

हा टीटीजी काय प्रकार आहे? तो गव्हात नसतो. तो आपल्याच पेशींतला एक एन्झाइम आहे, ट्रान्सग्लुटामिनेज, आणि त्याचं रोजचं काम ऊतींची डागडुजी करण्याचं. म्हणजे गहू खाल्ल्यानं या मुलीच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या त्या स्वतःच्याच गवंड्याविरुद्ध. असं का व्हावं, ते समजायला गव्हापासून सुरुवात करावी लागते.

पुरणपोळी करणाऱ्या हातांना ग्लुटेन नावानं नसलं तरी कामानं ठाऊक असतं. कणीक तिंबून तिंबून तार आली की पोळी पुरण धरते, फाटत नाही. ती तार ग्लुटेनची. प्रथिनं ही अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असते, आणि आपले पाचक रस ती माळ ठरावीक ठिकाणी तोडतात. ग्लुटेनमध्ये प्रोलीन नावाचा मणी जागोजागी ओवलेला असतो, आणि प्रोलीनच्या आसपास आपल्या पाचक रसांची कात्री नीट चालत नाही. ग्लुटेनमधल्या ग्लायडिन या भागाचा ३३ मण्यांचा एक तुकडा तर अखंडच उरतो. त्यातले १३ मणी प्रोलीनचे आणि १० ग्लुटामिनचे. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, तुमच्या-माझ्याही. गहू पूर्ण पचवणारा माणूस जवळजवळ नाहीच म्हणा ना.

असे तुकडे आतड्याच्या अस्तराखाली पोचले की तिथे त्यांना ट्रान्सग्लुटामिनेज भेटतो. तो त्यातल्या काही ठरावीक ग्लुटामिन मण्यांना हात लावतो आणि त्यांचं ग्लुटामिक आम्ल करून टाकतो. बदल अगदी किरकोळ: पूर्वी त्या मण्यावर विद्युतभार नव्हता, आता ऋणभार आला. मला या आजारातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते, की विष बाहेरून येत नाही. निरुपद्रवी तुकड्याला धार लावतो तो घरचाच कारागीर.

पण धार आली तरी ती धरणारी मूठ हवी. इथे एचएलए येतात. आपल्या काही पेशी प्रथिनांचे तुकडे एचएलए नावाच्या रेणूंच्या खोबणीत ठेवून रोगप्रतिकाराच्या टी-पेशींना दाखवतात: हे बघा, हे सापडलं, ओळखीचं आहे का? प्रत्येकाच्या खोबणीचा आकार वेगळा, आईवडिलांकडून आलेला. त्यातल्या डीक्यू२ आणि डीक्यू८ या प्रकारांच्या खोबणीत ऋणभाराचा मणी अगदी घट्ट बसतो. ज्यांच्याकडे हे प्रकार नाहीत त्यांच्यात तो तुकडा नीट बसतच नाही, आणि टी-पेशींना दाखवलाही जात नाही. सीलिअ‍ॅकच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत या दोहोंपैकी एक असतो. उलटं मात्र खरं नाही. पाश्चात्त्य देशांत साधारण तीनांतल्या एकाकडे हे रेणू असतात, आणि त्यातले बहुतेक जण जन्मभर सुखानं गहू खातात. तेव्हा एचएलए तपासणी 'आहे' म्हणाली तर फारसं काही कळत नाही. 'नाही' म्हणाली तर सीलिअ‍ॅक जवळपास बाद.

आता त्या अँटीबॉडींचं कोडं. ट्रान्सग्लुटामिनेज ग्लायडिनच्या तुकड्यावर काम करताना कधीकधी त्यालाच चिकटून बसतो. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींपैकी आपल्याच एन्झाइमला ओळखणारी एखादी तो एन्झाइम गिळते, तेव्हा चिकटलेलं ग्लायडिनही आत जातं. मग ती ग्लायडिनचा तुकडा खोबणीत ठेवून दाखवते, आणि ग्लायडिनवर चिडलेली टी-पेशी तिला 'चालू दे' असा हुकूम देते. हुकूम ग्लायडिनमुळे मिळाला, पण बी-पेशीला अँटीबॉडी बनवता येते ती एन्झाइमविरुद्धच. हे स्पष्टीकरण नुसतं डौलदार नाही, त्यातून एक नेमकं भाकीत निघतं: गहू बंद केला की हुकूम थांबेल आणि अँटीबॉडी उतरतील. तसंच होतं. हा एन्झाइम या आजारातलं लक्ष्य आहे हे जर्मनीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, आणि आज आपण जी तपासणी सहज लिहून देतो ती तिथून आली.

नेमक्या याच कारणानं आमच्या प्रकरणात घोटाळा व्हायची वेळ आली. रिपोर्ट बघताच कुणीतरी शहाण्या नातेवाइकानं फोनवर सांगितलं, "आजपासून पोळी बंद." दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढायची तारीख तीन आठवड्यांनंतरची. गहू बंद झाला की आतडं भरून यायला लागतं, आणि काचपट्टीवर पुरावा पुसट होतो. मग ना धड 'आहे' म्हणता येत, ना 'नाही'. त्यांच्या डॉक्टरांनी मुलीला परत पोळ्यांवर आणलं, दोन्ही वेळा, दुर्बिणीच्या दिवसापर्यंत. आईला ते फार जड गेलं. "विष आहे म्हणता आणि खायला घाला म्हणता!" टीटीजी मर्यादेच्या दहापटीहून जास्त असतं आणि दुसऱ्या नमुन्यात याच आजारातल्या एंडोमायसिअल अँटीबॉडीही सापडल्या असत्या, तर लहान मुलांत तुकडा न काढताही निदान करता येतं. सहापट होतं, म्हणून तुकडा हवाच होता.

निरोगी आतड्याच्या अस्तराला मखमलीसारखी लव असते. ती इवल्या इवल्या बोटांची बनलेली असते; ही बोटं म्हणजे व्हिलाय. प्रत्येकाची उंची मिलिमीटरभरही नसते, पण त्यांच्यामुळे शोषणाची जागा कितीतरी वाढते. त्यांच्या बुडाशी खळगे असतात, तिथे नव्या पेशी जन्मतात आणि वर सरकतात. बोटाची उंची खळग्याच्या खोलीच्या तिप्पट असली की ठीक. सीलिअ‍ॅकमध्ये चिडलेल्या टी-पेशींच्या इशाऱ्यावर अस्तरातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी त्या अस्तराच्याच पेशी मारू लागतात. खळगे भरपाईसाठी खोल होत जातात, तरी पुरं पडत नाही, आणि बोटं खुजी होत शेवटी सपाट होतात. हे नुकसान ठिगळाठिगळांनी होतं, म्हणून तुकडा एक घेऊन भागत नाही. ड्युओडेनमच्या सुरुवातीचे एक-दोन आणि पुढचे चार घेतात. तुकडा मेणात आडवा बसला तर चांगली बोटंही काचपट्टीवर तोकडी दिसतात. तसं तिरपं कापलं गेलेलं मी परत कापायला लावते. त्याखेरीज मत देत नाही. या मुलीचे तुकडे सरळ बसले होते. बोटं खळग्यांपेक्षाही बुटकी, अस्तरात लिम्फोसाइट खच्चून भरलेले.

मग गहू, मैदा, रवा, जव सगळं बंद. आपल्या स्वयंपाकात पर्याय आहेत, हे एक बरं. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, म्हणजे घरात रोजच एकादशी. सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस चालतो. सकाळचे पोहे चालतात, शेजारची जलेबी नाही. आठ महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ झालं, उंची चार सेंटिमीटर वाढली. टीटीजीही उतरलं, पण मर्यादेच्या दुपटीवर येऊन तिथेच अडलं. वर्ष झालं तरी हलेना.

आईनं हिंगावर संशय घेतला. बांधानी हिंगात मैदा असतो, हे खरंच. पण हिशेब करून बघितला. फोडणीत चिमूटभर हिंग, समजा ०.२ ग्रॅम, त्यातला निम्मा मैदा. मैद्यात ग्लुटेन साधारण ८ ते १० टक्के, म्हणजे पातेल्यात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम, आणि ते चौघांत वाटलं जाणार. तिच्या ताटात दोन-अडीच. इटलीत झालेल्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर व्हिलायना इजा झालेली दिसली होती. हिंग त्याच्या आसपासही नाही. तांदळाच्या पिठाचा हिंग आणला खरा, पण चोर दुसराच असणार.

"ज्वारी कुठून दळता?" मी विचारलं. कोपऱ्यावरच्या चक्कीतून, जिथे सगळी गल्ली गहू दळते. समजा आधीच्या गिऱ्हाइकाचं ५० ग्रॅम पीठ जात्यात आणि कापडी नळीत अडकलेलं आहे. त्यात ४ ग्रॅम ग्लुटेन. ते यांच्या दोन किलो ज्वारीत मिसळलं, तर किलोमागे २,००० मिलिग्रॅम झालं; आणि 'ग्लुटेन-फ्री' म्हणून विकायला आपल्याकडे मर्यादा आहे किलोमागे २०. दिवसाला दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या की ३०० मिलिग्रॅम पोटात. गव्हाची पोळी एकदाही न खाता.

त्यांनी घरगुती छोटी चक्की घेतली, त्यात गहू कधीच नाही. मुलीचा तवा आणि पोळपाट-लाटणं वेगळं केलं. पाच महिन्यांनी टीटीजी मर्यादेच्या आत आलं. लोहाच्या गोळ्या बंद झाल्या त्याला आता सहा महिने होतील.

धाकट्या भावाचीही तपासणी केली, कारण भावंडांत हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त सापडतो. त्याच्याकडे डीक्यू२ आहे, टीटीजी नॉर्मल. तो पोळ्या खातो, आणि दोनेक वर्षांनी, किंवा त्याआधी अंगात रक्त कमी झालं वा उंची अडली तर लगेच, त्याचं टीटीजी पुन्हा बघायचं असं ठरलंय. सध्या त्याची तक्रार एवढीच, की ताईच्या डब्यात रोज साबुदाण्याची खिचडी असते आणि त्याच्या नाही.