शोधकल पाहून व्हिडिओची वेळ साधणे

एखाद्या विषयाचे शोध वाढू लागले आहेत हे आकड्यांवरून ओळखायचे आणि त्या विषयावर इतरांच्या व्हिडिओंची गर्दी होण्याआधी आपला व्हिडिओ यूट्यूबवर आणायचा, ही पद्धत. त्यासाठी बहुतेक जण गूगल ट्रेंड्स ही २००६ पासूनची मोफत सेवा वापरतात. ती उघडल्यावर आधी वेबवरच्या शोधांचा आलेख दिसतो. व्हिडिओ करणाऱ्याने तेथे YouTube Search हा पर्याय निवडायचा असतो आणि नवखे नेमके तेच विसरतात. द्राक्षाचा भाव वेबवर पाहणारा आणि छाटणी कशी करायची हे यूट्यूबवर पाहणारा शेतकरी एकच असेल, पण त्याच्या या दोन प्रश्नांचे दिवस वेगळे असतात.

आलेखावरचा ० ते १०० हा आकडा म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा एकूण शोधांतील वाटा जेव्हा सर्वांत मोठा होता, त्या क्षणाला १०० धरतात आणि बाकीचे त्याच्या प्रमाणात मांडतात. शून्याचा अर्थ ‘कोणी शोधले नाही’ असा नसून ‘मोजण्याइतके शोध नव्हते’ असा आहे. हिशेब सर्व शोधांवर न करता नमुन्यावर करतात, त्यामुळे मराठी शेतीतल्या शब्दासारख्या कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दाची रेघ आज एक आणि उद्या दुसरीच दिसू शकते. तोच आलेख वेगवेगळ्या तीन दिवशी काढून पाहावा. उंचवटा तिन्ही वेळा त्याच जागी राहिला तर तो खरा. रेघेचा शेवटचा तुटक भाग अपुऱ्या आठवड्याचा असतो, तो पाहून विषय पडला असे समजू नये.

नाशिक जिल्ह्यात या पद्धतीचा खरा उपयोग द्राक्षांच्या हंगामात होतो. कांद्याच्या बातमीत तो फारसा होत नाही. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा लासलगावच्या बातम्या वाहिन्यांनी काही तासांत दिल्या. अशा उसळीत एकट्याने चालवलेला चॅनेल पोचेपर्यंत गर्दी झालेली असते. द्राक्षाचे तसे नाही. फळछाटणी दरवर्षी येते. निफाड-दिंडोरीकडे ती मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, तर सटाणा-कळवणच्या पट्ट्यात आगाप द्राक्षांसाठी जुलै-ऑगस्टमध्येच होते. त्यामुळे कोणता प्रश्न कधी विचारला जाईल, हे बरेचसे आधीच सांगता येते.

पहिली अडचण शब्दांची आहे. शेतकरी मोबाइलवर बहुधा रोमन अक्षरांत लिहितो. `draksh chatni` असे लिहिले तर ‘छाटणी’ आणि ‘चटणी’ यांत फरकच उरत नाही, आणि नुसते `chatni` टाकले तर आलेख शेंगदाण्याच्या चटणीचा मिळतो. द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीजन्य रोगाला पुस्तकांत ‘केवडा’ म्हणतात. पण केवडा हे फूलही आहे, त्यामुळे भाद्रपदात आलेली उसळी हरतालिकेच्या पूजेची असू शकते. बागायतदार बोलताना ‘डाऊनी’च म्हणतो, म्हणून तोच शब्द घ्यावा. लेखनाचे निरनिराळे प्रकार अधिक चिन्हाने जोडून एका रेघेत आणता येतात:

```
द्राक्ष छाटणी + draksh chatni + draksh chhatani
```

प्रदेश महाराष्ट्र ठेवावा. त्याहून खाली, शहरापर्यंत अशा शब्दांचे पुरेसे आकडे बहुधा मिळत नाहीत, आणि तालुका तर मिळतच नाही.

समजा, दिंडोरीजवळचा एक चॅनेल यंदाच्या हंगामाची तयारी करतो आहे. पाच वर्षांच्या आलेखात आठवड्याचा एक बिंदू मिळतो. ‘द्राक्ष छाटणी’ची रेघ दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस वर सरकते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला माथ्यावर पोचते, असे त्यात दिसले. साधा विचार सांगेल की ऑगस्टअखेर छाटणीचा व्हिडिओ टाका. पण यूट्यूबवर तेच शब्द टाकून अपलोडच्या तारखेची चाळणी लावली, तर औषध कंपन्या, सल्लागार आणि जुने मोठे चॅनेल तेथे आधीच बसलेले आढळतात. येथे व्हिडिओ नुसते मोजू नयेत, उघडून पाहावेत. शीर्षक छाटणीचे असते आणि आत एखाद्या टॉनिकची जाहिरात असते, असे अनेक व्हिडिओ असतात. त्यांना स्पर्धक धरण्याचे कारण नाही.

या चॅनेलसाठी खरी मोकळी जागा छाटणीच्या पुढच्या प्रश्नात आहे. द्राक्षबागायतदार हंगाम तारखेने मोजत नाही, छाटणीपासूनच्या दिवसांनी मोजतो. छाटणी झाली की एक-दोन दिवसांत पेस्टिंग म्हणजे डोळे फुटण्यासाठी काडीला औषध लावणे, मग बाग फुटते, आणि साधारण १५ ते २० दिवसांनी घड दिसू लागल्यावर फेलफूट म्हणजे घड नसलेली नको असलेली फूट काढायची वेळ येते. म्हणजे छाटणीची रेघ ऑगस्टअखेर उठली, तर फेलफुटीची विचारणा सप्टेंबरच्या मध्याला उठणार. ‘फेलफूट’ या शब्दाची स्वतःची रेघ इतकी बारीक असते की ती वाट पाहण्याच्या कामाची नाही. छाटणीची ठळक रेघ पाहूनच तिचा अंदाज करावा लागतो. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिडिओ टाकला की गर्दीआधी आठ-दहा दिवस मिळतात. त्या दिवसांत थोड्या लोकांनी तो शोधून शेवटपर्यंत पाहिला तर शोधात वर येण्यास मदत होते, कारण त्या शोधावर लोकांनी काय पाहिले याला यूट्यूब महत्त्व देते. दोन महिने आधी टाकण्यात मात्र अर्थ नाही. सदस्यांनाच तेव्हा त्याची गरज नसते.

अडचण चित्रीकरणाची येते. सप्टेंबरच्या आरंभी दिंडोरीत फेलफुटीच्या टप्प्यावर बाग असते कुठे? म्हणून चित्रीकरण ऑगस्टमध्ये सटाण्याकडच्या आगाप बागेत करावे लागते. तेथला जुलै-ऑगस्टचा हंगाम हा दिंडोरीच्या पुढच्या हंगामाची आगाऊ तालीमच असतो. तेथील बागायतदार शेजाऱ्याला जे विचारतो तेच शब्द शीर्षकात घ्यावेत. ते आलेखात येण्याच्या आधी त्याच्या तोंडी आलेले असतात. फक्त आगाप बागेतील पावसाळी फवारण्या जशाच्या तशा निफाड-दिंडोरीला सांगू नयेत. औषध आणि प्रमाण यांसाठी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला पाहावा.

डाऊनीला हे गणित लागू पडत नाही. तो तारखेने येत नाही, पावसाने येतो. एका वर्षी ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला तर रेघ उभी चढते, पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात सपाट राहते. पाच वर्षांची सरासरी येथे फसवते. अशा वेळी व्हिडिओ आधी तयार करून खाजगी ठेवतात आणि हवामान खात्याने पावसाचा अंदाज दिला की खुला करतात. शोध वाढलेले दिसेपर्यंत थांबले तर पानांवर तेलकट डाग आलेले असतात, आणि तोपर्यंत इतरांचे व्हिडिओही.

वाढत्या शोधांच्या यादीत कधी टक्क्याऐवजी Breakout असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ५,००० टक्क्यांहून अधिक वाढ. पण आधी जवळपास काहीच नसलेला शब्द थोड्या शोधांनीही तेथे पोचतो, त्यामुळे एकट्या या खुणेवर चित्रीकरणाचा खर्च करणे धोक्याचे.

वेळ साधली की नाही, हे यूट्यूब स्टुडिओत कळते. प्रेक्षक कुठून आले या भागात यूट्यूब शोधातून आलेल्यांचे शब्द दिसतात. छाटणीची रेघ चढत असताना ‘फेलफूट’ लिहून येणारे वाढत असतील, तर अंदाज बरोबर होता. शोधात व्हिडिओ खूप जणांना दिसला पण उघडला कमी जणांनी, तर गर्दी आधीच झाली होती किंवा शीर्षकातला शब्द त्यांचा नव्हता. दुसरी शक्यता दोन दिवसांत तपासता येते. शीर्षकात ‘केवडा’ असेल तर तो काढून ‘डाऊनी’ लिहावे आणि आकडा हलतो का ते पाहावे.