पार्श्वभूमी: कर्स्ड इमेज आणि पलंगाखालची अढी

मे महिन्यात ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरला. पलंगाखालचा अंधार, पसरलेला पेंढा, त्यात पिवळे चकचकीत गोळे, डावीकडून आत आलेला कोपरापर्यंतचा म्हातारा हात आणि मागे मांजराचे दोन हिरवे डोळे. खाली एक ओळही लिहिलेली नव्हती. कॉलेजच्या मुलांनी लगेच ‘कर्स्ड’, म्हणजे शापित, असं लिहून हसण्याच्या रांगा लावल्या. ग्रुपवरच्या काकूंना मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना. आंब्याची अढी घातली आहे, आजी पिकलेले आंबे काढताहेत, बस.

बघून उगाच अस्वस्थ करणाऱ्या अशा विचित्र फोटोंना ‘कर्स्ड इमेज’ म्हणतात, आणि हे नाव 2015 च्या ऑक्टोबरात रुळायला लागलं. टम्बलर या ब्लॉगच्या साइटवरच्या एका पानाने पहिलाच फोटो टाकला तो एका वयस्कर शेतकऱ्याचा: लाकडी फळ्यांच्या भिंतींची खोली आणि त्याच्याभोवती लाल टोमॅटोंचे क्रेट. पुढच्या वर्षी ट्विटरवर हेच नाव घेऊन खातं निघालं आणि लाट सगळीकडे पसरली. त्या पहिल्या फोटोत ना रक्त आहे, ना भूत. पान चालवणाऱ्या व्यक्तीने पुढे एका मुलाखतीत हेच सांगितलं, की त्यातली एकही गोष्ट मुळात भीतीदायक नाही. साध्याशा क्षणाला कॅमेऱ्याने आणि नव्या जागेने वेगळं करून टाकलं. ओळखीचंच अचानक परकं वाटतं तेव्हा अंगावर काटा येतो, असं व्हिएन्नातल्या एका मनोविश्लेषकाने 1919 मध्ये लिहून ठेवलं होतं. पण या फोटोंचा खरा उगम त्यापेक्षा 2000 नंतरच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत शोधावा.

त्या कॅमेऱ्यांचा फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असे. त्यामुळे सावली वस्तूच्या मागे लपते आणि चेहरे, भांडी, फळं सगळं सपाट, चिकटवल्यासारखं दिसतं. शिवाय उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. ऐरोलीच्या फोटोत आंबे फोनपासून अर्ध्या मीटरवर असतील आणि मागची भिंत दोन मीटरवर, तर भिंतीवर पडणारा उजेड आंब्यांवरच्या उजेडाच्या सोळावा हिस्सा. म्हणून रोजची खोली गायब होऊन नुसती काळी पोकळी उरते. मांजराच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, आणि फ्लॅश भिंगालगत असल्याने तो उजेड थेट भिंगात येतो. आजींचं अंग चौकटीबाहेर राहिलं, त्यामुळे हात कुणाचाच नाही असं वाटतं. त्यावर दहा जणांनी स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला की दरवेळी फोटो दाबला जाऊन कडा चौकोनी फुटतात.

मग हसू का येतं? विनोदाचा अभ्यास करणाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेला एक विचार इथे चपखल बसतो: काहीतरी चुकतंय, पण आपल्याला धोका नाही, या दोन गोष्टी एकाच क्षणी जाणवल्या की हसू फुटतं. कर्स्ड फोटोत चूक लगेच दिसते, पण तिच्यावर बोट ठेवता येत नाही. काकूंना चूक दिसलीच नाही, कारण त्यांनी माळ्यावर नाहीतर पलंगाखाली अढ्या पाहिल्या आहेत. उलट फोटोत खरी जखम असती तर धोका खरा झाला असता आणि मुलंही हसली नसती.

खरा वाद आहे तो मुद्दाम जुळवलेल्या फोटोंचा. लाट वाढली तशी लोक बाथटबमध्ये नूडल्स भरून, बुटात दूध ओतून फोटो टाकू लागले. काही ग्रुप तेही चालवून घेतात, कारण बघणाऱ्याला तेवढंच किळसवाणं वाटतं. मला हे पटत नाही. जुळवलेल्या फोटोत ‘हे का केलं?’ याचं उत्तर आधीच मिळालेलं असतं: आपल्याला दाखवायला. अढीच्या फोटोत काढणाऱ्याला आपली पर्वाच नव्हती. त्याला बहुधा गावाकडच्या नातेवाइकांना आंबे दाखवायचे होते. कोडं उभं राहतं ते त्या बेफिकिरीतून. फरक ओळखताही येतो. जुळवलेला फोटो विचित्र वस्तूला बरोबर मध्यभागी ठेवतो आणि आजूबाजूचा पसारा आवरलेला असतो. खऱ्या फोटोत चौकट तिरकी असते, कडेला कुणाचा तरी पाय कापलेला असतो, कोपऱ्यात कधी नारिंगी तारीख असते, आणि सगळ्यात विचित्र गोष्टीकडे काढणाऱ्याचं लक्षच नसतं.

‘कर्स्ड’च्या उलट ‘ब्लेस्ड’ आणि मग दोन्ही मिळून झालेलं ‘ब्लर्स्ड’ ही पिल्लं नंतरची. त्यांत गोंडसपणा शिरला आणि धार गेली. आता तर नवे फोन अंधारात एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतात आणि काळोख स्वतःहून उजळवतात. तीच अढी नाइट मोडमध्ये काढली असती तर पलंगाचे पाय, मागची भिंत आणि बाजूला बसलेलं मांजर सगळं व्यवस्थित दिसलं असतं, आणि मुलांनीही नुसतं ‘आंबे कधी?’ एवढंच विचारलं असतं.