गाठीच्या स्लाइडवरचा क्षय: ओळखीमागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात मानेला गाठ आलेला रुग्ण घरच्यांशी मराठीत बोलतो, वॉर्डात कन्नडही कानावर पडते आणि पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला त्याच गाठीची स्लाइड इंग्रजी नावांनी समोर येते. जुनी माणसे तिला गंडमाळ म्हणत. त्या स्लाइडवर विद्यार्थ्याने तीन गोष्टी दाखवाव्यात अशी अपेक्षा असते: मधला केसिएशनचा, म्हणजे चीजसारखा झालेल्या मृत ऊतकाचा भाग, त्याभोवतीच्या एपिथेलिऑइड पेशी आणि लँगहान्स जायंट सेल. अशा पेशींच्या पुंजक्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या खुणा आहेत, हे मान्य व्हायला एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ लागला.

फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी 1819 मध्ये फुफ्फुसातले बारीक दाणे आणि चीजसारखा मऊ, पिवळसर भाग ही एकाच रोगाची रूपे असल्याचे मांडले. जर्मन पॅथॉलॉजिस्ट व्हिर्शो यांना ते पटले नाही. त्यांच्या मते चीजसारखा ऱ्हास पू, कर्करोग, साधी सूज अशा कशातही होऊ शकतो. खरा क्षय म्हणजे फक्त दाणे. म्हणून गंडमाळेच्या गाठी त्यांनी वेगळ्या काढल्या. 1865 मध्ये विलमाँ यांनी क्षयाच्या रुग्णाचे ऊतक सशांना टोचून रोग पुढे जातो हे दाखवले आणि 24 मार्च 1882 रोजी कॉख यांनी बर्लिनमध्ये जंतूच समोर ठेवला, जायंट सेलच्या आतही. व्हिर्शो यांचा निष्कर्ष चुकला, पण त्यांची शंका आजही कामाची आहे: नुसता गुलाबी मृत भाग पाहून क्षय म्हणू नये.

जायंट सेलला ज्यांचे नाव मिळाले त्या थिओडोर लँगहान्स यांनी 1868 मध्ये कडेला केंद्रके असलेल्या या पेशींचे वर्णन केले. त्याच वर्षी पॉल लँगरहान्स यांनी त्वचेतल्या पेशी वर्णिल्या. तोंडी परीक्षेत ही दोन नावे हमखास अदलाबदल होतात.

आता एक स्लाइड घेऊ: मानेच्या गाठीचा 4 ते 5 मायक्रॉनचा छेद, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेला. आधी 4 च्या भिंगाखाली ही लसिका गाठच आहे याची खात्री करायची. कडेचे आवरण आणि उरलेल्या निळ्या लिम्फॉइड फॉलिकल्स दिसल्या पाहिजेत. निळ्या गर्दीत फिकट गुलाबी ठिपके दिसतात, तिथे 10 लावायचे. केसिएशनमध्ये पेशींच्या कडा पुसल्या जाऊन एकसारखा, दाणेदार गुलाबी भाग उरतो. मृत पेशींची बाह्यरेषा अजून ओळखू येत असेल तर ते कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस. मध्यभागी न्यूट्रोफिल भरलेले असतील तर पू होणाऱ्या ग्रॅन्युलोमाचा, उदाहरणार्थ मांजर ओरबाडल्याने होणाऱ्या आजाराचा, विचार करायचा.

मग 40 खाली काठ. एपिथेलिऑइड पेशींची केंद्रके लांबट आणि फिकट असतात, पेशींमधल्या सीमा अस्पष्ट. फॉलिकलमधला जर्मिनल सेंटरही फिकट दिसतो आणि नवखे त्यालाच ग्रॅन्युलोमा म्हणतात. तिथे कचरा गिळलेले मॅक्रोफेज विखुरलेले असतात, पण एपिथेलिऑइड पेशींची सलग रांग नसते. लँगहान्स पेशीत केंद्रके कडेला नालाच्या आकारात असतात. ती विस्कळीत पसरलेली असतील आणि जवळ टाका किंवा बाहेरचा कण असेल तर ती फॉरेन बॉडी प्रकारची.

सगळ्यात जास्त फसवते ती छेदाची पातळी. ग्रॅन्युलोमा गोलसर असतो. सुरी त्याच्या काठावरून गेली तर फक्त एपिथेलिऑइड पेशी मिळतात, केसिएशन नाही. जायंट सेलच्या टोकावरून गेली तर केंद्रके मध्यभागी दिसतात. कधी केसिएशनचा ठिसूळ भाग छेद घेताना निखळतो आणि त्या जागी भोक उरते. भोकाच्या काठावर एपिथेलिऑइड पेशी आहेत का ते पाहायचे. अशा वेळी निष्कर्ष घाईने न काढता त्याच ब्लॉकमधून आणखी खोल छेद मागवावेत.

झील आणि नीलसन यांच्या नावाने ओळखली जाणारी रंगपद्धत 1882-83 मधली आहे. तिने ऊतकात लाल दंडाकृती जंतू 100 च्या ऑइल भिंगाखाली शोधायचे. पण ज्या गाठीत ग्रॅन्युलोमा नीट बांधलेला असतो तिथे जंतू थोडे असतात. सापडले नाहीत म्हणून क्षय नाही असे होत नाही. शिवाय हिस्टोप्लाझ्मा बुरशीनेही केसिएशनसह ग्रॅन्युलोमा होतो. म्हणून अहवालात 'केसिएटिंग ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस, क्षयाशी सुसंगत' असे लिहिणे प्रामाणिक ठरते.

जंतू पक्का करायचा तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गाठीचे दोन भाग करावे लागतात: एक 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चर आणि सीबीनॅट या जंतूची जनुके शोधणाऱ्या चाचणीसाठी. सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली की जंतू मरतात आणि कल्चरची वाट बंद होते.