परतावाक्रम जोखीम

निवृत्तीनंतर बाजारात गुंतवलेल्या पुंजीतून दरवर्षी खर्चासाठी रक्कम उचलली जात असेल, तर ती पुंजी किती वर्षे पुरेल हे सरासरी परताव्यावरून सांगता येत नाही. चांगली आणि वाईट वर्षे कोणत्या क्रमाने येतात, यावर ते अवलंबून असते. या क्रमातून निर्माण होणाऱ्या जोखमीला परतावाक्रम जोखीम म्हणतात. सल्लागारांच्या बोलण्यात ‘सिक्वेन्स रिस्क’ हाच शब्द रुळला आहे. अपेक्षेपेक्षा जास्त जगण्याची, म्हणजे दीर्घायुष्याची जोखीम हिला जोडूनच येते, म्हणून दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

सर्व निवृत्तांना ही जोखीम सारखी लागू होत नाही. नाशिकमध्ये हा फरक ठळक दिसतो. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सेवेत नेमणूक झालेल्या शिक्षक-कर्मचाऱ्याला महागाई भत्त्यासह आजन्म पेन्शन मिळते. त्याच्या मासिक उत्पन्नाचा बाजाराशी संबंध नसतो. सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्याच्या हाती मात्र भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची एकरकमी पुंजी येते. कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळणारी रक्कम किरकोळ असते: १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षांची सेवा धरली, तरी सूत्राने ती महिना ७,५०० रुपयेच भरते. बाकीचा खर्च पुंजीतून भागवायचा असल्याने हा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या वर्गाचा आहे.

उगम : या कल्पनेचा उगम नेमका कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो विमाशास्त्रातील दिवाळखोरी-सिद्धांतापर्यंत, म्हणजे स्वीडिश गणिती फिलिप लुंडबर्ग यांच्या १९०३ मधील प्रबंधापर्यंत मागे नेतात. परंतु लुंडबर्ग यांच्या मांडणीत अनिश्चितता विम्याच्या दाव्यांची होती, गुंतवणुकीच्या परताव्याची नव्हे; त्यामुळे हे नाते दूरचे वाटते. व्यवहारात या विषयाला आकार आला तो विल्यम बेंगेन या अमेरिकी वित्तीय सल्लागाराच्या १९९४ मधील लेखामुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. बेंगेन यांनी १९२६ पासूनची अमेरिकी आकडेवारी घेतली आणि सरासरी न काढता, निवृत्तीचे प्रत्येक वर्ष वेगळे धरून पुंजी किती टिकली असती ते तपासले. पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे ४ टक्के उचल आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ, एवढे पथ्य पाळले तर सर्वांत वाईट काळातही पुंजी ३० वर्षे पुरली, असे त्यांना आढळले. ‘चार टक्क्यांचा नियम’ तो हाच. पुढे अधिक प्रकारच्या मालमत्ता हिशेबात धरून त्यांनी हा आकडा साडेचार टक्क्यांच्याही वर नेला. १९९८ मध्ये टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या कूली, हबर्ड आणि वॉल्झ या प्राध्यापकांनी हाच प्रश्न यशाच्या टक्केवारीत, म्हणजे तपासलेल्या कालखंडांपैकी किती टक्क्यांत पुंजी पुरली, असा मांडला.

सर्वांत वाईट काळ १९२९ च्या मंदीचा नव्हता, हा बेंगेन यांच्या लेखातील कमी उद्धृत होणारा पण महत्त्वाचा निष्कर्ष आहे. मंदीनंतर वस्तूंचे भाव उतरले, त्यामुळे महागाईला बांधलेली उचलही कमी झाली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांवर मंद बाजार आणि चढती महागाई यांचा दुहेरी मार बसला. म्हणजे ‘क्रम’ म्हणताना केवळ शेअरच्या भावाचा क्रम पाहून भागत नाही. महागाई वजा जाता उरणारा परतावा पाहावा लागतो.

गणित : पुंजीतून काहीच काढले नाही, तर क्रमाला अर्थ नसतो. परतावे एकमेकांशी गुणले जातात आणि गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येते. वर्षारंभी ठरावीक रक्कम काढू लागले की मात्र n वर्षांत पुंजी बरोबर संपवणारा उचलीचा दर असा निघतो :

```
w = 1 / (1 + 1/G1 + 1/G2 + ... + 1/G(n-1))
```

यात G1 म्हणजे पहिल्या वर्षअखेर एका रुपयाचे, महागाई वजा करून, झालेले मूल्य. G2 म्हणजे दुसऱ्या वर्षअखेरचे, आणि याप्रमाणे पुढे. पहिल्या वर्षाचा परतावा G1 पासून शेवटपर्यंतच्या प्रत्येक पदात मिसळलेला असतो, दुसऱ्याचा त्याहून एक पद कमी, आणि शेवटच्या वर्षाचा परतावा सूत्रात येतच नाही. निवृत्तीची पहिली काही वर्षे निर्णायक का ठरतात, याचे उत्तर या रचनेतच आहे.

उदाहरण : २००८ च्या आरंभी निवृत्त होऊन ५० लाख रुपये हाती आलेला सातपूरचा एक कल्पित कामगार घेऊ. त्याने सर्व रक्कम सेन्सेक्सच्या प्रमाणात गुंतवली, पहिल्या वर्षी ३ लाख (६ टक्के) उचलले आणि पुढे ही उचल दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवली, असे धरू. लाभांश, कर आणि फंडाचा खर्च सोडून दिले आहेत. प्रत्यक्षात कोणी शहाणा माणूस सगळी पुंजी शेअरमध्ये ठेवणार नाही, पण क्रमाचा परिणाम निखळ दिसावा म्हणून हे गृहीतक सोयीचे आहे.

सेन्सेक्स २००७ अखेर सुमारे २०,२८७ वर होता, २००८ अखेर ९,६४७ वर आला, २००९ अखेर १७,४६५ वर गेला आणि २०१७ अखेर ३४,०५७ वर पोहोचला. दहा वर्षे हात न लावलेले ५० लाख यात सुमारे ८४ लाख झाले असते. आपल्या कामगाराकडे मात्र २००८ सरताना २२.४ लाख उरतात आणि २०१७ सरताना १४.६ लाख. २०२० च्या आरंभी त्याला ६ लाखांहून थोडे अधिक हवे असतात, पण शिल्लक ४.७ लाख असते. बारा उचली पूर्ण होऊन तेराव्या वर्षी पुंजी संपते. आता हीच दहा वर्षे उलट्या क्रमाने मांडली, म्हणजे २०१७ चा परतावा पहिला आणि २००८ ची घसरण शेवटी, तर तेवढ्याच उचली करूनही दहाव्या वर्षअखेर ४३.४ लाख शिल्लक राहतात. दोन्ही क्रमांत परतावे तेच, सरासरी तीच. तरी शिल्लक जवळजवळ तिप्पट.

२००९ मध्ये बाजार ८१ टक्के वाढूनही पहिल्या क्रमात पुंजी सावरली नाही. कारण ही वाढ ५० लाखांवर मिळाली नाही, २२.४ लाखांतून त्या वर्षीची उचल वजा जाता उरलेल्या १९.२ लाखांवर मिळाली. पडत्या भावात विकलेली युनिट्स चढत्या बाजारात भाग घेऊ शकत नाहीत.

उचलीचे प्रकार : वरील वाईट क्रमात उचलीची पद्धत बदलली की निकालही बदलतो. महागाईवाढ न घेता दरवर्षी सरळ ३ लाखच काढले, तर २०१७ अखेर २९.३ लाख उरतात; पण तोवर ३ लाखांची खरेदीशक्ती बरीच झिजलेली असते. शिल्लक रकमेच्या ६ टक्के काढण्याची पद्धत सूत्रदृष्ट्या सर्वांत सुबक आहे. उचलही गुणकच झाल्यामुळे क्रमाचा परिणाम शिलकीवरून पूर्ण नाहीसा होतो आणि दोन्ही क्रमांत दहा वर्षांनी सारखेच ४५.२ लाख राहतात. याची किंमत उत्पन्नात मोजावी लागते : २००८ मध्ये ३ लाख मिळालेल्या घराला २००९ मध्ये १.३४ लाखांत वर्ष काढावे लागते. जोखीम नाहीशी होत नाही, ती पुंजीवरून घरखर्चावर येते. गायटन आणि क्लिंगर या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये सुचवलेले ‘कुंपणाचे’ नियम या दोन टोकांच्या मधले आहेत. त्यांत उचल आणि शिल्लक यांचे गुणोत्तर आरंभीच्या दरापेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक चढले, तर उचल १० टक्के कापायची, आणि तितकेच उतरले, तर वाढवायची.

भारतात सल्लागार बहुधा पहिल्या काही वर्षांचा खर्च मुदत ठेवीत वेगळा ठेवायला सांगतात. याचा लाभ खरा असला तरी सांगितला जातो तितका मोठा नाही. आपल्या कामगाराने पहिल्या तीन उचलींचे ९.५५ लाख (व्याज न धरता) बाजूला ठेवले असते, तर बारा उचलींच्या जागी चौदा झाल्या असत्या. सहा टक्क्यांचा आरंभीचा दरच भारी असला, तर ठेवीने दोन वर्षे लांबतात, मूळ दुखणे राहते. २ लाखांपासून, म्हणजे ४ टक्क्यांपासून सुरुवात केली असती, तर २०२३ अखेरही सुमारे ४० लाख शिल्लक दिसले असते.

हा ४० लाखांचा आकडाही फसवा आहे. पुढच्या वर्षाची उचल तोवर ५ लाखांवर गेलेली असते, म्हणजे शिलकीच्या जवळजवळ १३ टक्के. म्हणून पुंजीची प्रकृती पाहताना शिल्लक न पाहता चालू उचल भागिले चालू शिल्लक हे गुणोत्तर पाहावे. सहा टक्क्यांच्या उदाहरणात ते २००९ च्या आरंभीच १४ टक्क्यांवर गेले होते. पुंजी संपण्यापूर्वी अकरा वर्षे इशारा मिळाला होता. हेच गुणोत्तर बाजार न पडताही बिघडते. निवृत्तीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मुलाच्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटसाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी मोठी रक्कम एकदम काढली, तर सूत्राच्या दृष्टीने ती मोठ्या घसरणीसारखीच असते; फरक इतकाच, की तिच्यामागून उसळी येत नाही.

दीर्घायुष्य : जन्माच्या वेळच्या आयुर्मानावरून कालावधी ठरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. साठी गाठलेल्या माणसाचे अपेक्षित वय त्या आकड्यापेक्षा जास्त असते. शिवाय पुंजी एकट्याला नव्हे, पतिपत्नींपैकी मागे राहणाऱ्याला पुरावी लागते. पत्नी पाच वर्षांनी लहान असेल आणि नव्वदीपर्यंत जगेल असे धरले, तर साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्याचा हिशेब ३५ वर्षांचा होतो. पतीच्या पश्चात कर्मचारी पेन्शनही साधारण निम्मी होते. बाजार टाळून फक्त ठेवींवर राहिल्यास शेअरघसरणीचा क्रम टळतो, पण व्याजदरांचा क्रम उरतो : ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२० मध्ये ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आला आणि २०२३ मध्ये ८.२ टक्क्यांवर गेला. विमा कंपनीची आजन्म वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन मरेपर्यंत नियमित रक्कम देण्याचा करार, दोन्ही जोखमी कंपनीकडे सोपवते. तथापि येथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक वार्षिकींची रक्कम महागाईबरोबर वाढत नाही.

भारतासाठी सुरक्षित दर कोणता, याबद्दल मतभेद आहेत. वेड फाऊ या निवृत्तिनियोजनाच्या अमेरिकी अभ्यासकाने २०१० मध्ये १७ विकसित देशांची आकडेवारी तपासून अनेक ठिकाणी ४ टक्के टिकत नाहीत असे दाखवले; अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा येथे आणू नये, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. साडेतीन किंवा तीन टक्के सुचवणारे भारतीय सल्लागारही मात्र पक्क्या पायावर उभे नाहीत. सेन्सेक्सचे आधारवर्ष १९७८-७९ असल्याने एकमेकांत न मिसळणारे ३० वर्षांचे पूर्ण कालखंड आपल्याकडे एकाहून अधिक झालेलेच नाहीत.