डब्याच्या बुडावरचं १४०३ साल

एका मित्राने पत्र्याच्या डब्याच्या बुडाचा फोटो पाठवला. डबा इराणमध्ये बनलेला होता आणि बुडावर ठिपक्याठिपक्यांनी छापलेल्या दोन ओळी होत्या. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "अरबी लिपी उजवीकडून डावीकडे, म्हणजे आकडेही उलटे वाचायचे ना? मग हे ३०४१ साल कुठलं?"

हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की शेवटी लिहायला बसलो. अरबी-फारसी अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात हे खरं, पण संख्येत मोठ्या स्थानाचा अंक डावीकडेच असतो, अगदी आपल्यासारखा. त्यामुळे बुडावरच्या ओळी सरळ डावीकडूनच वाचायच्या होत्या.

```
۱۴۰۱/۰۵/۱۲   (उत्पादन)
۱۴۰۳/۰۵/۱۲   (मुदत)
```

आता अंकांकडे बघू. फारसीत शून्य म्हणजे नुसता ठिपका. छपाई ठिपक्यांची असली की हा ठिपका हरवतो, नाहीतर पत्र्यावरचा एखादा डाग उगाच शून्य होऊन बसतो. पाचाचा आकार उलट्या बदामासारखा, आणि अरबी धाटणीत तर सरळ गोलच (٥). तो आपल्या डोळ्याला शून्य वाटतो. दोन आणि तीन यांत फरक फक्त डोक्यावरच्या एका दातऱ्याचा (۲, ۳), त्यामुळे फोटो जरा हलला की तीनाचे दोन होतात. सगळ्यात गमतीचे सात आणि आठ. सात ۷ असा, आठ ۸ असा. डब्याचं बूड गोल, त्याला वर-खाली नसतं. फोटो उलटा घेतला गेला की सातचे आठ झाले! अशा वेळी आधी दोन किंवा तीन शोधावेत. त्यांचा लांब दांडा खाली लोंबत असेल तर फोटो सुलट आहे.

फोटोतले अंक फोनने वाचून मजकूर म्हणून दिले, तर चूक पकडली जाईल असं वाटतं. पण संगणकाच्या काही भाषांना सगळ्या लिप्यांचे अंक सारखेच. पायथन या भाषेत हे करून बघा:

```
>>> int("۱4٠৩")
1403
```

यात पहिला अंक फारसी, दुसरा इंग्रजी, तिसरा अरबी आणि चौथा बंगाली आहे. तक्रार नाही, काही नाही. खरं तर एकाच संख्येत दोन लिप्यांचे अंक दिसले, तर कुठला तरी अंक चुकीचा ओळखला गेल्याची शंका घ्यायला हवी. बंगाली चार (৪) हा इंग्रजी आठासारखाच दिसतो, तिथे हा घोटाळा हमखास होतो. म्हणून मी आधी सगळे अंक एकाच लिपीतले आहेत का ते बघतो आणि मगच पुढे जातो.

अंक वाचून झाले: १४०३, पाचवा महिना, बारावा दिवस. पण हे १४०३ कुठलं? हिजरी चांद्र कालगणनेत १४०३ म्हणजे इसवी सन १९८२-८३. इराणची रोजची कालगणना मात्र सौर हिजरी. मोजणीची सुरुवात दोन्हींची एकाच घटनेपासून, पण चांद्र वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असल्यामुळे ते पुढे पळत गेलं. आकडा तोच आणि फरक चाळीसेक वर्षांचा. कालगणना कुठली हे अंकांवरून सहसा कळत नाही. ते कळतं डबा कुठल्या देशातला आहे यावरून, महिन्याच्या नावावरून किंवा शेजारी छापलेल्या इसवी तारखेवरून.

सौर हिजरी वर्ष वसंतसंपाताला सुरू होतं, म्हणजे दिवस-रात्र समान होतात तेव्हा. संपाताचा क्षण तेहरानच्या माध्यान्हाआधी आला तर तोच दिवस वर्षाचा पहिला, नंतर आला तर दुसरा दिवस. मला ही कालगणना फार आवडते, कारण वर्षाचा पहिला दिवस इथे आकाश ठरवतं. २०२२ साली संपात २० मार्चला तिथल्या संध्याकाळी सात वाजून तीन मिनिटांनी झाला, म्हणून १४०१ साल २१ मार्चला सुरू झालं. २०२४ मध्ये तो २० मार्चला सकाळी ६:३६ ला झाला, म्हणून १४०३ साल २० मार्चलाच लागलं.

आता डब्याची मुदत काढू. पहिले सहा महिने ३१ दिवसांचे असतात. चार महिने पूर्ण झाले, म्हणजे १२४ दिवस, त्यात १२ मिळवले की वर्षाचा १३६ वा दिवस. २० मार्चला पहिला दिवस धरला तर त्यापुढे १३५ दिवस मोजायचे. मार्चअखेर ११, एप्रिलअखेर ४१, मेअखेर ७२, जूनअखेर १०२, जुलैअखेर १३३, उरले दोन. म्हणजे २ ऑगस्ट २०२४. उत्पादनाची तारीखही पाचव्या महिन्याची बारावीच, पण ते वर्ष २१ मार्चला लागलेलं, म्हणून ती येते ३ ऑगस्ट २०२२. 'सालात ६२१ मिळवा' हे सूत्र साल सांगतं, तेही डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारीपासून पुढच्या नववर्षापर्यंत ६२२ मिळवावे लागतात. दिवसासाठी मात्र मोजणी करावीच लागते.

जाता जाता एक. जन्मतारखेच्या अंकांची बेरीज करून भाग्यांक सांगणाऱ्यांना ही मुदतीचीच तारीख द्या. २ ऑगस्ट २०२४ ची बेरीज १८, म्हणजे ९. तोच दिवस इराणी पंचांगात लिहिला की बेरीज १६, म्हणजे ७. त्या दिवशी जन्मलेल्या बाळाचं भाग्य विमानाने सीमा ओलांडली की बदलतं म्हणायचं!

डब्यावर वजनही होतं आणि तिथला सापळा वेगळा. या लिपीत दशांशचिन्ह ٫ असं असतं आणि हजाराचं चिन्ह ٬ असं. एक ओळीच्या खालच्या बाजूला, दुसरं वरच्या. अंधूक फोटोत दोन्ही स्वल्पविरामच दिसतात. मग एकापुढे चिन्ह आणि त्यापुढे पाचशे असं दिसलं तर ते दीड की दीड हजार? उत्तर एककात असतं. पुढे किलोग्रॅम असेल तर दीड, ग्रॅम असेल तर दीड हजार, आणि दोन्हींचं वजन एकच. पण फोटो कापताना एकक बाहेर राहिलं तर हजारपट चूक होऊ शकते. म्हणून मी संख्या कधी एकटी उतरवून घेत नाही, एककासकटच घेतो.

राहिली आडव्या रेघेची गोष्ट. तिरक्या रेघेने जोडलेली तारीख पडद्यावर एकसंध राहते. तीच तारीख आडव्या छोट्या रेघेने जोडली आणि आधी फारसी शब्द आला, तर युनिकोड या संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाणपद्धतीच्या नियमांनुसार ती रेघ संख्यांना एकत्र बांधत नाही. तिन्ही गट सुटे होतात आणि उजवीकडून मांडले जातात. साठवलेलं असतं साल-महिना-दिवस, दिसतं दिवस-महिना-साल. फोटोत आपल्याला फक्त दिसणारा क्रम मिळतो. चार अंकी साल असेल तर काही बिघडत नाही, कारण ते कुठेही ओळखू येतं. पण छोट्या डब्यांवर ०३-०५-१२ एवढंच असतं. यात एकही आकडा १२ पेक्षा मोठा नाही, त्यामुळे एकट्या तारखेवरून काही ठरवता येत नाही.

अशा वेळी दुसरी ओळ कामी येते. उत्पादन ०१-०५-१२ आणि मुदत ०३-०५-१२ असेल, तर बदललेला गट डावीकडचा, आणि मुदत बहुधा पूर्ण वर्षांत दिलेली असते, म्हणजे साल डावीकडे. मित्राला विचारलं, दोन्ही ओळी फोटोत नीट आल्यात ना? त्याचं उत्तर आलं, "डबा कालच टाकून दिला."